परदेशातल्या दोस्ताला उर्दू खत लिहिताय? या चुका टाळा

उर्दू शिकायला लागून चार महिने झाले की लोकांना लगेच दोस्ताला खत लिहायचं असतं, लिहा ना, पण निदान पहिली ओळ तरी नीट लिहा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक सलामातच असते. आपण ‘अस्सलामु’ म्हणतो तेव्हा पहिला लाम ऐकू येत नाही, म्हणून कानावर विसंबणारा माणूस अलिफ, सीन, लाम, अलिफ, मीम असं लिहून मोकळा होतो, आणि कागदावर उमटतं ‘इस्लाम अलैकुम’. बरोबर क्रम अलिफ, लाम, सीन, लाम, अलिफ, मीम. लाम लिहायचा, बोलायचा नाही. शेवटच्या ‘वस्सलाम’मध्येही तेच, वाव नंतर अलिफ-लाम हवेतच, नाहीतर खताची दोन्ही टोकं चुकलेली. मी तर खत बंद करण्याआधी फक्त हे दोन शब्द परत वाचतो. सलाम नको असेल तर ‘आदाब’ किंवा ‘तस्लीम’ लिहा, तेही छान चालतं.

दुसरी चूक म्हणजे अल्क़ाब, म्हणजे समोरच्याला हाक मारायचे शब्द, खताच्या गाइडमधून उचलणं. आमच्या ओळखीतल्या एका पोराने शारजातल्या शाळेच्या मित्राला ‘क़िब्ला-ओ-काबा’ अशी सुरुवात करून खत पाठवलं, वजनदार वाटलं म्हणून. हे वडिलांना, घरातल्या मोठ्यांना लिहितात! खाली सहीआधी ‘आपका फ़रमाबरदार’ पण होतं. मित्राचा फोन आला, ‘अरे, मी तुझा बाप कधी झालो?’ शॉर्टकटचा हा असा निकाल लागतो. दोस्ताला ‘प्यारे दोस्त’, ‘अज़ीज़ दोस्त’ पुरे. ग़ालिबने तर लांबलचक अल्क़ाब टाकून सरळ ‘मियाँ’, ‘भाई’ म्हणत खतं लिहिली, आणि तीच खतं लोक आजही वाचतात.

‘तुम’ आणि ‘आप’ची खिचडी करू नका. वर ‘तुम कैसे हो’ आणि खाली ‘जवाब ज़रूर दीजिएगा’, असं नको, एक धरा आणि शेवटपर्यंत न्या.

‘यहाँ सब ख़ैरियत है, तुम्हारी ख़ैरियत नेक मतलूब है’ ही जुनी ओळ मला आवडते, पण तिच्यानंतर दोन वाक्यांत खत संपवणारे भेटतात तेव्हा डोकं फिरतं. लांब बसलेल्या माणसाला गल्लीतली बातमी हवी असते, कोणाचं लग्न ठरलं, कोणतं हॉटेल बंद पडलं, आंबा किती महाग झाला, ते लिहा.

शेवट करताना घाई नको. मी आधी ‘घर में सबको सलाम, बच्चों को प्यार’ लिहितो, मग ‘तुम्हारे ख़त का इंतज़ार रहेगा’, मग ‘वस्सलाम’, आणि खाली ‘तुम्हारा अपना’ लिहून नाव. क्रम हाच हवा असं काही नाही, पण ‘वस्सलाम’नंतर परत गप्पा सुरू करू नका, राहिलंच असेल काही तर नवीन कागद घ्या.

आणि पाकिटावरचा पत्ता रोमन लिपीत, देशाचं नाव मोठ्या अक्षरात.