फ्लॅटमधलं भजन साडेनऊला आटपायचं असेल तर

वेळ शेवटाकडून मोजा. साडेनऊला दार मोकळं हवं असेल तर आरती नऊला, भैरवी पावणेनऊला आणि रूपाचा अभंग बरोबर सातला. पाहुण्यांना मात्र साडेसहाच सांगा. लोक येतात ते सातलाच! पखवाजाला कणीक लावून तो सुरात आणायला वेळ लागतो, म्हणून वादक सहाला हवेत. त्यांच्याखाली सतरंजीवर जाड गोधडी घाला, नाहीतर ठेका फरशीतून खालच्या घरात उतरतो. टाळकरी शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीपासून लांब बसवा. वीस-पंचवीस माणसांना माइक लागत नाही. तेवढ्यांना अर्धा किलो रव्याचा शिरा पुरतो. द्रोणात द्या, सतरंजी वाचते. खालच्यांना आदल्या दिवशी वेळ सांगून ठेवा.