जुनी गाडी घेण्यापूर्वी तिचे टायर वाचा

इथे नव्याने आलेली आपली मंडळी जुनी गाडी पाहायला जातात तेव्हा रंग, किलोमीटर आणि किंमत यांपलीकडे सहसा जात नाहीत, आणि विकणारा आपल्याच भाषेत बोलू लागला की तेवढेही पाहत नाहीत. भाषा एक असली तरी टायर तपासायचेच, कारण टायरांना चमक आणता येते, पण त्यांची झीज लपवता येत नाही.

आधी चारही टायरांच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा डीओटी क्रमांक शोधावा. त्याच्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला टॉर्च मारावा.

समजा, गाडी २०१९ च्या सुरुवातीची आहे आणि तीन टायरांवर ४८१८ असे आकडे आहेत, म्हणजे ते बहुधा गाडीबरोबरच आलेले आहेत. पुढच्या डाव्या टायरवर मात्र १४२३ आहे. टायर सहसा जोडीने बदलतात. एकटाच बदललेला असेल तर पंक्चर, खड्डा किंवा फुटपाथची कड यांपैकी काय नडले, असे मालकाला विचारावे.

'साधे पंक्चर होते,' असे उत्तर आले तरी तिथे थांबू नये. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवावे, म्हणजे टायरची आतली कड समोर येते, आणि खाचांची खोली आत, मध्ये व बाहेर अशी तीन ठिकाणी मोजावी. या टायरवर बाहेर ६ मिलिमीटर आणि आत अडीच भरली, तर उभ्याने पाहणाऱ्याला तो जवळजवळ नवा वाटेल. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असत्या तर हवा कमी ठेवली जात होती आणि फक्त मधला भाग झिजला असता तर जास्त, एवढेच म्हणता आले असते.

आता उजवा टायर पाहावा. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, चुकलेला असेल तर ती चूक दोन्ही चाकांत वाटली जाते, त्यामुळे दोन्ही टायर झिजतात आणि तळहात आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत, तर उलट दिशेने करवतीसारखे बोचते. हा दोष बहुतेक वेळा अलाइनमेंटने सुटतो. उजवा टायर समान झिजला असून डाव्याचीच आतली कड गेली असेल, तर संशय त्या चाकाच्या कॅम्बरवर, म्हणजे समोरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर कलण्याच्या कोनावर, आणि पर्यायाने धक्क्याने वाकलेल्या सस्पेन्शनच्या भागावर जातो. कित्येक गाड्यांत कॅम्बर जुळवण्याची सोयच नसते. तिथे भाग बदलावा लागतो आणि 'अलाइनमेंट करून देतो' हे आश्वासन कुचकामी ठरते.

खराब टायर मागे सरकवून चांगले पुढे बसवण्याची चलाखीही चालते, म्हणून मागच्या टायरांच्या आतल्या कडाही पाहाव्यात. इतके करूनही गाडी आवडलीच, तर पैसे देण्यापूर्वी अलाइनमेंट मोजून घ्यावी आणि यंत्रातून निघालेल्या कागदावर डाव्या-उजव्या कॅम्बरचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.