"फेडणारच साहेब" म्हणू नका: कर्जाच्या मुलाखतीत बायकांकडून होणाऱ्या चुका

बँकेच्या कर्ज विभागात असताना टेबलाच्या पलीकडून मी एक वाक्य सतत ऐकलं: "हप्ता चुकणार नाही, शब्द देते." बोलणारी ते मनापासून बोलत असते. पण समोरच्या अधिकाऱ्याला ते फाइलवर लिहिता येत नाही. त्याला लिहायचं असतं ते एवढंच, की हप्ता कोणत्या पैशातून येणार.

साताऱ्याकडच्या एका ताईंचं उदाहरण घेते. घराच्या पडवीत त्यांचं चटणी कांडप होतं. दुसऱ्या यंत्रासाठी त्यांना मुद्रा योजनेच्या किशोर गटातून, म्हणजे 50 हजारांच्या वर ते 5 लाखांपर्यंतच्या गटातून, 4 लाख हवे होते. पाच वर्षांची मुदत आणि 11 टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण 8,700 रुपये. ताई आत्मविश्वासानं म्हणाल्या, "घरखर्च जाऊन महिन्याला बारा हजार उरतात."

अधिकाऱ्यानं विचारलं, "जुलैत किती उरतात?"

ताई गप्प झाल्या. वर्षाची चटणी लोक मार्च ते मे या तीन महिन्यांतच करून घेतात. तेव्हा त्यांना महिन्याला 34 हजार उरायचे आणि बाकीचे नऊ महिने जेमतेम 5 हजार. वर्षाचे 1 लाख 47 हजार बारानं भागले की बारा हजार येतात, म्हणून त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. पण हप्ता सरासरीतून जात नाही, त्या महिन्याच्या खात्यातून जातो. हंगामी धंद्याची सरासरी सांगणं ही मी पाहिलेली सर्वांत महाग चूक. एका प्रश्नात ती उघडी पडते आणि मग पुढचं खरं बोलणंही संशयानं ऐकलं जातं.

याचं उत्तर ताईंच्याच वहीत होतं. मंद महिन्यांत दरमहा 3,700 कमी पडतात, नऊ महिन्यांचे झाले 33,300. हंगामात हप्ता भरून महिन्याला 25,300 उरतात, तीन महिन्यांचे जवळपास 76 हजार. दुसऱ्या खेपेला त्या असं बोलल्या: "साहेब, पावसाळ्यात माझा हप्ता धंद्यातून निघत नाही. म्हणून मेअखेर 34 हजार मी वेगळ्या खात्यात टाकणार आणि तिथून दरमहा भरणार. हा हिशेब आत्ताच्या एकाच यंत्राचा आहे, नव्या यंत्राचा रुपयाही त्यात धरलेला नाही." आपला मंद काळ स्वतःच्या तोंडानं सांगितला की समोरचा माणूस खोदायचं थांबवतो. शेवटचं वाक्य तर फारच मोलाचं. बहुतेक जणी नव्या यंत्राची पूर्ण कमाई पहिल्या महिन्यापासून मोजतात. यंत्र बसायला, थ्री फेज वीजजोड मिळायला वेळ लागतो, हे त्या हिशेबात नसतं.

मग नवं यंत्र कशाला, असं विचारतीलच. "एप्रिलमध्ये रांग बघून गिऱ्हाईक परत जातं, रोज किती किलो परत गेलं ते वहीत लिहिलंय," हे त्याचं उत्तर. "धंदा वाढवायचाय" हे नव्हे. पुरावा म्हणून लाइट बिलं न्या. एप्रिल-मेची बिलं फुगलेली आणि ऑगस्टचं बारीक दिसलं, की तुमच्या हंगामाची साक्ष महावितरणच देतं!

वेळेची चूकही अनेकींची होते. जूनमध्ये पैसे मिळाले आणि जुलैत पहिला हप्ता आला, तर गाठीला हंगाम नसतो. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. त्यामुळे अर्ज दिवाळीनंतर करा आणि पहिला हप्ता मार्चमध्ये पडावा अशी मुदत तोंडानं मागा. त्या सवलतीच्या काळातही व्याज चालू राहतं, ते माहीत असल्याचं सांगा.

जुनं कर्ज लपवू नका. मायक्रोफायनान्सचा हप्ता तुमच्या क्रेडिट अहवालात अधिकाऱ्याला आधीच दिसलेला असतो. तो विचारतो ते तुम्ही सांगता का हे बघायला. "दोन हजारांचा हप्ता आहे, अजून सात महिने, आणि तो वजा करूनच शिल्लक सांगितली" एवढं पुरे.

प्रकल्प अहवाल दुसऱ्यानं टाइप केलेला असेल तर त्यातला प्रत्येक आकडा त्याच्याकडून समजून घ्या. नाही कळला तर तो आकडा काढून टाकायला सांगा.

शेजारी बसलेल्या नवऱ्याला उत्तरं देऊ देऊ नका. ब्याडगीचा भाव विचारला आणि भाऊजी बोलले, की धंदा कोणाचा हा प्रश्न तिथंच उभा राहतो. त्या ताईंनी पहिल्या खेपेला हेही केलं होतं. दुसऱ्या खेपेला नवरा बाहेर बाकावर बसला आणि वही आत आली.