सकाळचा निळा धूर आणि चढावरचा काळा धूर

रात्रभर उभे असलेले इंजिन सुरू करताच काही क्षण निळसर धूर येऊन तो आपोआप थांबत असेल, तर संशय प्रथम व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर घ्यावा, कारण रबर कडक झाले की दांड्यावरून झिरपलेले ऑइल सिलिंडरमध्ये साचते आणि सुरू होताच जळते. असे इंजिन ऑइलची पातळी तपासत बराच काळ चालवता येते. मात्र निळा धूर गरम इंजिनातही, विशेषतः वेग वाढवताना येत राहिला आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून जोरदार वाफारा निघू लागला, तर पिस्टन रिंग झिजल्याची शक्यता मोठी असते.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने जास्त पडलेले इंधन. टर्बो असलेली डिझेल गाडी सपाटीवर स्वच्छ चालते, पण चढावर काळा धूर सोडते, ओढ कमी पडते आणि फुसफुस ऐकू येते, तेव्हा टर्बोपासून इंजिनपर्यंतचा हवेचा पाइप तडकलेला असू शकतो. दाब वाढल्यावरच तड उघडते, म्हणून उभ्या गाडीत दोष दिसत नाही. सांध्यांभोवतीचे ताजे तेलकट डाग पाहावेत आणि एअर फिल्टरही तपासावा; इंजेक्टर उतरवण्याची घाई त्याआधी करू नये.