दुकानातल्या नोकरीची जाहिरात वाचताना या चुका टाळा

समजा, लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या कपड्यांच्या शोरूमची जाहिरात आहे: 'सेल्स एक्झिक्युटिव्ह. वेळ 11 ते 9:30, जेवणाची सुट्टी 1 तास, रोटेशनल ऑफ, पगार 20,800.' ही नोकरी कायद्यात बसते का?

बहुतेक जण इथे फक्त रोजचे तास मोजतात आणि फसतात. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2025 मध्ये बदल होऊन रोजची मर्यादा 9 वरून 10 तास झाली. ती बातमी वाचलेला माणूस म्हणतो, जेवणाची सुट्टी वजा केली की साडेनऊच तास, मग ठीकच आहे. पण आठवड्याची 48 तासांची मर्यादा तशीच आहे. साडेनऊ गुणिले 6 म्हणजे 57. दर आठवड्याला 9 तास जादा.

जादा तास दिसले की लगेच 'हे बेकायदा' म्हणणंही घाईचं. कामगार तयार असेल तर ओव्हरटाइम चालतो, तीन महिन्यांत 144 तासांपर्यंत. इथे तो 117 च्या आसपास जातो. खरा प्रश्न पैशांचा, कारण ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. नेहमीच्या हिशेबाने 20,800 भागिले 26 म्हणजे रोजचे 800, त्याला 8 ने भागलं की तासाला 100. दुपटीने 200. महिन्याला सरासरी 39 जादा तास धरले तर 7,800 रुपये वेगळे मिळायला हवेत. 'पगारात सगळं आलं' असं उत्तर मिळालं, तर 20,800 मध्येच ते 39 तास फुकट मागितले जातायत.

'रोटेशनल ऑफ' बघून बिचकू नका. सुट्टी रविवारीच हवी असं कायदा म्हणत नाही. आठवड्यात सलग 24 तासांची एक सुट्टी मिळाली की झालं. दिवाळीच्या गर्दीत ती बुडाली, तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. 'महिन्यात दोन सुट्ट्या' लिहिलं असेल, तर मात्र पुढे वाचायचंही कारण नाही.

हा सगळा हिशेब 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो, त्यामुळे स्टाफ किती हे आधी विचारा. गल्लीतल्या चार माणसांच्या दुकानात या कायद्याचा धाक दाखवून उपयोग नाही.

हुद्द्याचंही तसंच. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या जागा या कायद्यातून वगळल्यात, म्हणून काही ठिकाणी काउंटरवर घड्या घालणाऱ्यालाही 'फ्लोअर मॅनेजर' म्हणतात. नुसत्या पाटीने तो मॅनेजर होत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघितलं जातं. मुलाखतीत सरळ विचारा: माझ्या हाताखाली कोण असेल, कुणाची रजा मी मंजूर करायची? उत्तर 'कुणाचीच नाही' आलं, तर वरचा ओव्हरटाइमचा हिशेब तुम्हालाही लागू आहे.