वय, आजारपण आणि जामीन: अर्जात या चुका टाळा

“आरोपी वयोवृद्ध व आजारी असल्याने त्यास जामिनावर मुक्त करावे.” पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टातल्या कितीतरी जामीन अर्जांत हे वाक्य असतं, सोबत डॉक्टरांचा एक दाखला असतो, आणि अर्ज फेटाळला जातो. घरच्यांना वाटतं, कोर्टाला दयाच नाही. मला मात्र अशा अर्जांत वेगळीच उणीव दिसते. हा माणूस आत राहिला तर नेमकं काय बिघडेल, आणि ते तुरुंगातल्या दवाखान्यात किंवा ससून या सरकारी रुग्णालयात का सांभाळता येणार नाही, हे न्यायाधीशांना जाणून घ्यायचं असतं. अर्ज त्यावर काहीच बोलत नाही.

कलमात आहे त्यापेक्षा जास्त गृहीत धरणं

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८० (१ जुलै २०२४ पूर्वीचं ४३७) सांगतं की, आरोपीने फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा केला असं मानायला सबळ कारण दिसत असेल, तर मॅजिस्ट्रेटने जामीन देऊ नये. त्याच कलमाच्या परंतुकात सवलत आहे: आरोपी बालक, स्त्री, आजारी किंवा अशक्त असेल तर जामीन देता येईल. ‘देता येईल’, ‘द्यावाच लागेल’ नाही. आणि या यादीत ‘ज्येष्ठ नागरिक’ हा शब्द नाही. पंच्याहत्तरीचा माणूस रोज सकाळी पर्वती चढत असेल तर आधार कार्डावरची जन्मतारीख एकटी फार वजन देत नाही. वयामुळे काय जमत नाही, ते दाखवावं लागतं: चालणं, दिसणं, विसरभोळेपणा, शौचाला लागणारी मदत.

साठ वर्षांचा उल्लेख येतो तो अटकेच्या कलमात, ३५ (७) मध्ये. शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि व्यक्ती साठीच्या पुढची किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची (पुणे शहरात सहायक पोलीस आयुक्तांची) आधी परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. परवानगी नसेल तर पहिल्या रिमांडलाच तो मुद्दा घ्या.

स्त्री आरोपींच्या अर्जात ‘अर्जदार स्त्री आहे’ एवढ्यावर थांबणं हीही तशीच चूक. मनी लाँडरिंगच्या कायद्यातही असंच परंतुक आहे. तरी डिसेंबर २०२३ मध्ये छत्तीसगडच्या अधिकारी सौम्या चौरसिया यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन नाकारला. ही सवलत न्यायालयाच्या विवेकावर आहे, असं सांगून. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातल्या नेत्या के. कविता यांना जामीन देताना त्याच न्यायालयाने उच्च न्यायालयाची कानउघाडणी केली: स्त्री शिकलेली किंवा प्रतिष्ठित आहे म्हणून तिला परंतुकाच्या बाहेर काढता येणार नाही. त्यामुळे फिर्यादीत तिची भूमिका किती, तिच्याकडून काही जप्त करायचं उरलंय का, अंगावर पिणारं मूल आहे का, हे लिहा. स्त्री असणं या गोष्टींना जोर देतं, त्यांची जागा घेत नाही.

पहिल्या दिवशी गप्प बसणं

इथे एक उदाहरण घेतो. समजा, हडपसरचे एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ. वडिलोपार्जित जमिनीचं बनावट खरेदीखत केल्याचा आरोप आहे. भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची आणि बनावट दस्ताची कलमं लागली. त्यातल्या ३३८ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. अटक गुरुवारी संध्याकाळी झाली.

अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, “काही त्रास?” काका घाबरून म्हणाले, “नाही.” शुक्रवारी मॅजिस्ट्रेटसमोरही ‘तक्रार नाही’ असंच कोर्टाच्या रोजनाम्यात आलं. पुढे याच दोन कागदांवर बोट ठेवून सरकारी वकील म्हणतात की आजाराची गोष्ट जामिनासाठी रचलेली आहे.

म्हणून घरच्यांनी त्याच रात्री फाईल, गोळ्या आणि डायलिसिसचं कार्ड पोलीस ठाण्यात द्यावं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, कोणत्या हातात आहे तेही लिहून द्यावं. त्या हातातून रक्त काढायचं नसतं, तिथे दाब पडू द्यायचा नसतो. रिमांडच्या वेळी वकिलांनी आजार तोंडी सांगून न थांबता लेखी अर्ज द्यावा, म्हणजे तो रेकॉर्डवर राहतो.

‘विश्रांतीची गरज आहे’ असा दाखला

काकांच्या पहिल्या अर्जाला ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला होता: किडनीचा विकार, पूर्ण विश्रांती आवश्यक. तपास अधिकाऱ्यांच्या सेमध्ये, म्हणजे अर्जावरच्या लेखी म्हणण्यात, दोन ओळी आल्या: मूळ दस्त जप्त करायचा आहे, आणि उपचार ससूनमध्ये उपलब्ध आहेत. दुसऱ्या ओळीला अर्जात उत्तर नव्हतं. अर्ज फेटाळला.

उपयोगी पडतं ते उपचार करणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्टचं पत्र. डायलिसिस कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, किती तास, अलीकडचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम किती, एक वेळ चुकली तर काय होतं: पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते, फुप्फुसात पाणी साचतं. जोडीला डिस्चार्ज कार्ड आणि ताजे रिपोर्ट. जुने रिपोर्ट असतील तर कोर्ट आजची स्थिती विचारणारच.

त्याहून मोठा पुरावा तुरुंगाच्याच कागदांत असतो. न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर काका येरवड्याला गेले. एका मंगळवारी पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून रुग्णालयात नेलं नाही. पुढच्या शुक्रवारी उशिरा नेल्यामुळे दोनच तास मिळाले. वकिलांनी कोर्टामार्फत तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून अहवाल आणि नेण्या-आणण्याच्या नोंदी मागवल्या. ‘सोय आहे’ याला ‘सोय आहे, पण या तारखेला मिळाली नाही’ हे उत्तर झालं. आधी अर्ज फेटाळलेला असताना पुन्हा अर्ज करायला बदललेली परिस्थिती दाखवावी लागते. तीही यातूनच मिळाली, आणि एव्हाना दस्तही जप्त झाला होता.

दाखला फुगवू नका. कोर्ट ससूनच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेऊ शकतं. एक विधान खोटं ठरलं की खऱ्या आजारावरचाही विश्वास जातो.

सत्र न्यायालयात परंतुक सोडून देणं

कलम ४८० मॅजिस्ट्रेटसाठी, सत्र आणि उच्च न्यायालयाचा अधिकार ४८३ मध्ये. म्हणून वरच्या कोर्टात काही जण हा मुद्दाच घेत नाहीत. सतेंदर कुमार अंतिल खटल्यात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हे कल्याणकारी परंतुक सत्र आणि उच्च न्यायालयानेही जामिनाचा विचार करताना लावायचं आहे. तो निकाल अर्जाला जोडा.

अमली पदार्थांचा कायदा आणि यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा यांच्या जामिनाच्या कडक अटींत असं परंतुक नाही. तिथे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या घटनात्मक हक्कावर, म्हणजे अनुच्छेद २१ वर, बोलावं लागतं. पुण्यात गुन्हा दाखल झालेल्या एल्गार परिषद प्रकरणात वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच प्रकरणातले ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी वैद्यकीय जामिनाची सुनावणी प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी गेले. या अर्जांत तारीख पुढे ढकलली जाणं साधी गोष्ट नसते, म्हणून तातडीच्या सुनावणीची विनंती वेगळी आणि लेखी करा.

एकच मागणी करणं

विनंतीच्या परिच्छेदात पायऱ्या ठेवा: नियमित जामीन, तो नाही तर ठरावीक आठवड्यांचा अंतरिम वैद्यकीय जामीन, तोही नाही तर स्वखर्चाने पसंतीच्या रुग्णालयात उपचार आणि गार्ड वेळेवर देण्याचा आदेश. तिसरी मागणी किरकोळ समजून गाळली जाते, पण अर्ज फेटाळताना न्यायाधीश निदान तेवढं देऊ शकतात.

अंतरिम जामीन मिळाला की आदेशातली हजर होण्याची तारीख घरात सगळ्यांना माहीत हवी. मुदतवाढ हवी असेल तर नवे रिपोर्ट घेऊन मुदत संपायच्या किमान आठवडाभर आधी अर्ज करा, कारण सरकारी पक्षाचा से यायलाच दोन-तीन तारखा जातात. नुसता अर्ज प्रलंबित आहे म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. आदेश आला नाही तर ठरल्या दिवशी येरवड्याला हजर व्हावंच लागतं.