अल्कलाईन सेलवरची तारीख आणि आतली खरी ताकद: या चुका टाळा

पेन्सिल सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत '03-2031' असं काहीतरी छापलेलं असतं. बहुतेक जण ते औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखं वाचतात: तोवर पूर्ण चांगला, त्यानंतर टाकाऊ. सेलच्या बाबतीत या दोन्ही समजुती चुकतात. त्यामुळे एकीकडे चांगले सेल कचऱ्यात जातात आणि दुसरीकडे ऐन लाईट गेल्यावर टॉर्च पेटत नाही.

तारीख कसली, हेच न पाहणं

अल्कलाईन सेलच्या अंगावरची तारीख बहुधा 'या महिन्यापर्यंत वापरायला सुरुवात करा' अशा अर्थाची असते. पाकिटाच्या मागे असते ती बहुधा उत्पादनाची तारीख. या दोन्हींत गल्लत झाली की नवा सेल जुना वाटतो आणि जुना नवा.

विकत घेताना उलटं मोजायची सवय लावा. पाकिटावर '10 वर्षं टिकतो' असं लिहिलंय आणि सेलवरच्या तारखेला चारच वर्षं उरलीत, तर तो सेल सहा वर्षांपूर्वीचा आहे. ही सहा वर्षं तो कुठे होता, उन्हात तापणाऱ्या गोदामात की थंड जागी, हे पाकीट सांगत नाही. दोन पाकिटं समोर असतील तर लांबची तारीख असलेलं घ्या, दोन-पाच रुपये जास्त पडले तरी.

आणि या तारखेमागची अट लक्षात ठेवा. कंपनीचं वचन साधारण 20 अंशांच्या आसपासच्या खोलीसाठी असतं. त्या तापमानाला न वापरलेला चांगला अल्कलाईन सेल वर्षाला सुमारे 2 ते 3 टक्के क्षमता गमावतो. म्हणजे दहा वर्षांनी, तारीख उलटण्याच्या दिवशीही, त्यात सुमारे 80 टक्के ताकद शिल्लक असू शकते. त्या दिवशी सेल मरत नाही. कंपनीची हमी तेवढी संपते.

घरातल्या सगळ्यात गरम जागी साठा करणं

सेलच्या आत जस्ताची भुकटी, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र अल्कलीयुक्त द्रावण असतं. सेल वापरात नसला तरी जस्त त्या द्रावणात हळूहळू गंजत राहतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. पूर्वी हे रोखायला जस्तात पारा मिसळत. पारा बंद झाल्यावर बिस्मथ, इंडियमसारखे धातू थोड्या प्रमाणात मिसळून तेच काम करून घेतलं जातं. पण प्रक्रिया पूर्ण थांबत नाही, आणि उष्णता वाढली की तिचा वेग वाढतो. ढोबळ ठोकताळा असा की दर 10 अंशांना वेग दुप्पट होतो.

अकोल्याचं उदाहरण घेऊ, जिथे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. समजा, एकाच पेटीतली दोन पाकिटं आहेत. एक खालच्या कपाटात ठेवलं: वर्षातले चार महिने सरासरी 25 अंश, पाच महिने 30 आणि उन्हाळ्याचे तीन महिने 40. दुसरं पत्र्याखालच्या माळ्यावर: चार महिने 30, पाच महिने 35 आणि तीन महिने 45. 20 अंशांना वर्षाला 2 टक्के हा वेग धरून वरच्या ठोकताळ्याने हिशोब केला, तर कपाटातला सेल वर्षाला साधारण साडेचार टक्के गमावतो आणि माळ्यावरचा साडेसहा टक्के. दहा वर्षांनी 20 अंशांच्या खोलीतल्या सेलमध्ये सुमारे 82 टक्के उरतात, कपाटातल्यात 62 आणि माळ्यावरच्यात 51. तिन्हींवर छापलेली तारीख मात्र एकच असते.

हा अंदाज आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही. पण त्यावरून एक कळतं: आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत जेवढी झीज होते, तेवढी थंड खोलीत व्हायला निदान पूर्ण वर्ष लागतं. म्हणून सेल गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर, फ्रिजच्या डोक्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नयेत. खालचा कप्पा, उत्तरेची भिंत, लोखंडी ट्रंकेऐवजी लाकडी कपाट, एवढं पुरतं. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टॉर्च ठेवणाऱ्यांनी तर जरूर विचार करावा. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान 60 अंशांच्या पुढे जातं, आणि बहुतेक अल्कलाईन सेलची कामाची कमाल मर्यादा 54-55 अंशांची आहे.

मग फ्रिजमध्ये ठेवणं

हा सल्ला घराघरांत फिरतो. वरचा हिशोब वाचून तो पटेलही, पण त्यात अडचण आहे. थंड सेल दमट हवेत बाहेर काढला की त्यावर पाणी जमतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर मिनिटभरात थेंब दिसतात. टोकांवर गंज धरतो, वेष्टण सुटतं. ज्या घरात खोलीचं तापमान वर्षभर 25 अंशांच्या आसपास असतं, तिथे फ्रिजमुळे वर्षाला साधारण दोनच टक्के वाचतात. विदर्भातल्या उन्हाळ्यापुरतं ठेवायचंच असेल तर हवाबंद डब्यात ठेवा, आणि डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. माझं मत विचाराल तर खालचं कपाट बरं.

वेष्टणाचा विषय निघालाच आहे म्हणून: अल्कलाईन सेलचं बाहेरचं पोलादी भांडं म्हणजेच त्याचं धन टोक असतं, वरच्या टेंगळापासून जवळजवळ तळापर्यंत. छापील प्लास्टिक फाटलं आणि सेल किल्ल्या-नाण्यांच्या खणात पडला, तर तळाचं ऋण टोक आणि उघडं अंग एकमेकांना जोडलं जाऊन सेल तिथेच गरम होऊन रिकामा होतो. सुटे सेल पाकिटातच राहू द्या.

नुसता व्होल्ट पाहून निकाल देणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मल्टीमीटर लावला, 1.56 दिसलं, 'छान आहे' म्हणून सेल टॉर्चमध्ये घातला आणि उजेड मिणमिणता. मीटरचं काही चुकलेलं नसतं. कोरा अल्कलाईन सेल 1.6 च्या आसपास दाखवतो, अर्धा वापरलेला 1.3 च्या आसपास. पण न वापरता नुसता जुना झालेला सेल 1.55 च्या वर राहू शकतो. त्याचा व्होल्ट टिकतो, आतला रोध, म्हणजे करंटला सेलच्या आतच होणारा अडथळा, मात्र वाढतो. मीटर सेलमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून हा रोध त्याला दिसत नाही.

तो दिसायला सेलवर भार टाकावा लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 10 ओहमचा, अर्ध्या किंवा एक वॅटचा रेझिस्टर अगदी किरकोळ पैशांत मिळतो. आधी नुसता व्होल्ट मोजा. मग रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना लावून दहाएक सेकंदांनी पुन्हा मोजा आणि रेझिस्टर काढा. फरक किती पडला ते पाहायचं.

समजा, पहिला सेल 1.58 वरून 1.51 वर आला. 10 ओहममधून 0.151 अँपिअर वाहतोय आणि 0.07 व्होल्ट आत अडकतोय, म्हणजे आतला रोध साधारण 0.46 ओहम. दुसरा 1.56 वरून 1.34 वर आला. करंट 0.134 आणि घट 0.22, म्हणजे रोध 1.6 ओहमच्या पुढे. आता हे दोन्ही अर्धा अँपिअर घेणाऱ्या टॉर्चमध्ये घाला. पहिला सुमारे 1.35 व्होल्ट देईल. दुसऱ्याचे 0.8 व्होल्ट आतच जातील आणि बाहेर पाऊण व्होल्ट उरेल. नुसत्या मीटरवर या दोघांत दोन शतांश व्होल्टचाच फरक होता.

माझा ठोकताळा: घट 0.1 व्होल्टच्या आत असेल तर सेल टॉर्चला चालेल. 0.2 च्या पुढे गेली, किंवा आकडा स्थिर न राहता उतरतच राहिला, तर त्याच्यावर रात्रीचा भरवसा ठेवू नका. तरीही तो फेकायचा नाही. भिंतीवरचं घड्याळ इतका कमी करंट घेतं की दीड ओहमचा रोध त्याला जाणवत नाही. तारीख उलटलेले, पण न गळलेले सेल घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला लावा.

एक मात्र करू नका. मीटर अँपिअरच्या खुणेवर ठेवून थेट सेलला लावण्याची पद्धत काही दुकानांतही दिसते. तो सेल शॉर्ट करण्याचाच प्रकार आहे. सेल तापतो, मीटरचा फ्यूज उडू शकतो आणि आकड्यातून शिल्लक क्षमतेबद्दल फारसं काही कळत नाही.

सेल उपकरणातच विसरणं

वर सांगितलेला हायड्रोजन आत साठतो. सेलच्या सपाट, ऋण टोकाशी प्लास्टिकची सील असते. दाब फार वाढला की तिचा मुद्दाम पातळ ठेवलेला भाग फाटतो आणि अल्कली बाहेर येते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिची पांढरी भुकटी होते. स्प्रिंगवर दिसते ती हीच. पूर्ण उतरलेल्या सेलमध्ये आणि जुना-नवा एकत्र घातलेल्या जोडीत हे लवकर घडतं. नवा सेल करंट ढकलत राहतो, रिकामा उलटा चार्ज होतो आणि त्यात वायू वाढतो.

म्हणून अडीनडीच्या टॉर्चमध्ये सेल भरून ठेवू नका. पाकीट टॉर्चला रबरबँडने बांधा. नेहमीच्या उपकरणात सगळे सेल एकदमच बदला आणि सपाट टोकाकडे दर काही महिन्यांनी एक नजर टाका. कडेला ओलसर चकाकी किंवा पांढरी कड दिसली, की तारीख कितीही लांब असो, तो सेल बाद.

भुकटी हाताने पुसू नका, ती त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना इजा करते. हातमोजे घालून सेल काढा. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंगवर लावा. फेस येईल, तो थांबेपर्यंत काडी बदलत राहा. मग किंचित ओल्या कापडाने आंबट अंश पुसा आणि दिवसभर उघडं वाळू द्या. स्प्रिंग हिरवट पडून झिजली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून पाहा. तरीही संपर्क येत नसेल तर स्प्रिंग बदलावी लागेल.